लाल डोळे, पांढरे डोळे आणि दोन उलट क्रॉस: फळमाशीतील एक्स-संलग्न गुणधर्माचा प्रयोग पहिल्या दिवसापासून दुसऱ्या पिढीच्या मोजणीपर्यंत

लाल डोळ्यांच्या मादीबरोबर पांढऱ्या डोळ्यांचा नर ठेवला आणि पहिल्या पिढीत सगळ्या माश्या लाल डोळ्यांच्या निघाल्या, तर लाल रंग प्रभावी आहे एवढेच कळते. जनुक कोणत्या गुणसूत्रावर आहे हे त्यातून कळत नाही, कारण ते लिंगाशी संबंध नसलेल्या साध्या गुणसूत्रावर असते तरी निकाल हाच आला असता. उत्तर मिळते ते हाच क्रॉस उलटा लावल्यावर, म्हणजे मादी पांढऱ्या डोळ्यांची आणि नर लाल डोळ्यांचा घेतल्यावर. म्हणून रेसिप्रोकल क्रॉस नेहमी जोडीने लावतात. एकटा पहिला क्रॉस लावून दुसरी पिढी मोजत बसणे हा लांबचा रस्ता आहे.

या लेखात ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर या फळमाशीतील व्हाइट या जनुकाचा प्रयोग सविस्तर घेतला आहे. माश्या कशा निवडायच्या, गुणोत्तर आधी कसे मांडायचे, आकडे जुळले नाहीत तर कारण कसे शोधायचे, हे सगळे क्रमाने येईल. थॉमस हंट मॉर्गन यांनी १९१० मध्ये याच जनुकावर काम केले. त्यांचे प्रत्यक्ष आकडे शेवटी तपासू, कारण ते पाठ्यपुस्तकातल्या गुणोत्तराशी नीट जुळत नाहीत आणि त्यामुळेच शिकण्यासारखे आहेत.

## आधी अंदाज, मग माश्या

अपेक्षित गुणोत्तर कागदावर लिहिल्याशिवाय क्रॉस लावू नये. समोर काय दिसायला हवे हे ठाऊक नसेल, तर चुकीची माशी समोर येऊनही ती चुकीची आहे हे लक्षात येत नाही.

व्हाइट जनुक एक्स गुणसूत्रावर आहे आणि वाय गुणसूत्रावर त्याची प्रत नाही. त्यामुळे नराला एकच प्रत मिळते आणि तिचा जो रंग तोच डोळ्याचा रंग. लाल प्रतीसाठी `X⁺` आणि पांढऱ्या प्रतीसाठी `Xʷ` असे लिहू. बाकीचे सगळे एका नियमातून निघते: मुलग्याला एक्स फक्त आईकडून मिळतो, मुलीला एक आईकडून आणि एक वडिलांकडून मिळतो.

क्रॉस अ मध्ये मादी लाल (`X⁺X⁺`) आणि नर पांढरा (`XʷY`) आहे. मुलग्यांना आईचा `X⁺` मिळतो, म्हणून सगळे लाल. मुलींना आईचा `X⁺` आणि वडिलांचा `Xʷ` मिळतो, म्हणून त्याही लाल, पण प्रत्येकीत पांढरी प्रत लपलेली.

क्रॉस ब मध्ये मादी पांढरी (`XʷXʷ`) आणि नर लाल (`X⁺Y`) आहे. मुलग्यांना आईचा `Xʷ` मिळतो, म्हणून सगळे पांढरे. मुली `X⁺Xʷ`, म्हणून सगळ्या लाल. आईचा रंग मुलग्यांत आणि वडिलांचा रंग मुलींत, अशी ही अदलाबदल आहे. जनुक साध्या गुणसूत्रावर असते तर इथे पांढरा डोळा एकही दिसला नसता.

आता दुसरी पिढी. इथे बरेच विद्यार्थी दोन मोठे चौकोन आखून घोळ करतात. एक गोष्ट आधी पाहिली तर काम सोपे होते: पहिल्या पिढीतली मादी दोन्ही क्रॉसमध्ये एकच आहे, `X⁺Xʷ`. म्हणजे दुसऱ्या पिढीतले नर दोन्ही क्रॉसमध्ये सारखेच, अर्धे लाल आणि अर्धे पांढरे. फरक पडतो तो फक्त माद्यांत, कारण पहिल्या पिढीतला नर वेगळा आहे. क्रॉस अ मधला नर `X⁺Y` असल्याने त्याच्या सगळ्या मुली लाल निघतात. क्रॉस ब मधला नर `XʷY` असल्याने त्याच्या मुलींचा रंग आईच्या प्रतीवर ठरतो आणि त्या अर्ध्या लाल, अर्ध्या पांढऱ्या होतात.

| दुसरी पिढी | लाल माद्या | पांढऱ्या माद्या | लाल नर | पांढरे नर |
|---|---|---|---|---|
| क्रॉस अ | २ | ० | १ | १ |
| क्रॉस ब | १ | १ | १ | १ |

क्रॉस अ मध्ये लिंग न पाहता फक्त रंग मोजला तर ३:१ मिळते, म्हणजे हुबेहूब मेंडेलचे साधे गुणोत्तर. त्यामुळे रंग आणि लिंग यांची नोंद एकत्र, चार रकान्यांत करायची. नंतर आठवून लिंग भरता येत नाही.

## स्टॉक निवडताना

लाल डोळ्यांसाठी कँटन-एस किंवा ओरेगॉन-आर हे जुने वाइल्ड टाइप स्टॉक घ्यावेत. पांढऱ्यासाठी `w¹¹¹⁸` चालतो. त्यात जनुक पूर्ण निकामी असल्याने डोळा स्वच्छ पांढरा असतो. फळमाशीच्या डोळ्यात लाल आणि तपकिरी अशी दोन प्रकारची रंगद्रव्ये असतात. व्हाइट जनुकापासून बनणारे प्रथिन दोन्हींचा कच्चा माल पेशीत योग्य जागी पोचवते. वाहतूकच बंद पडली की दोन्ही रंग एकदम जातात, म्हणून डोळा फिकट लाल न होता पांढरा होतो.

प्रयोगशाळेत पडलेला कोणताही 'नारिंगी डोळ्यांचा' स्टॉक वापरू नये. जनुकीय बदल केलेल्या अनेक स्टॉकमध्ये मूळ एक्सवर पांढरी प्रत असते आणि भर म्हणून दुसऱ्या एखाद्या गुणसूत्रावर मिनी-व्हाइट नावाची छोटी प्रत घातलेली असते. असा डोळा दिसतो रंगीत, पण तो रंग एक्सवरून येत नाही, त्यामुळे वरचा तक्ता त्याला लागूच पडत नाही. सेपिया हा गडद तपकिरी डोळ्यांचा स्टॉकही टाळावा. त्याचे जनुक तिसऱ्या गुणसूत्रावर आहे.

## खाद्य आणि तापमान

एक लिटर खाद्यासाठी साधारण ८ ते १० ग्रॅम अगर, ७० ग्रॅम मक्याचे पीठ, ६० ग्रॅम साखर आणि १५ ग्रॅम कोरडे यीस्ट पुरते. अगर पाण्यात आधी पूर्ण विरघळू द्यावा, मग बाकीचे घालून सतत ढवळत शिजवावे. मिश्रण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरल्यावर ४ ते ५ मिलिलिटर प्रोपिऑनिक आम्ल घालावे. उकळत्या मिश्रणात घातले तर ते वाफेबरोबर निघून जाते आणि चार दिवसांत व्हायलमध्ये, म्हणजे माश्या वाढवायच्या छोट्या नळीत, बुरशी धरते. प्रत्येक व्हायलमध्ये ८ ते १० मिलिलिटर खाद्य ओतावे. थंड झाल्यावर आतल्या काचेवर पाण्याचे थेंब राहू देऊ नयेत, कारण माश्यांचे पंख त्यांना चिकटतात.

तापमान २५ अंशांवर ठेवले तर अंड्यापासून माशी होईपर्यंत सुमारे १० दिवस लागतात. १८ अंशांवर हाच काळ जवळजवळ दुप्पट होतो. खाली दिलेले दिवस २५ अंशांचे आहेत.

## कुमारी माद्या गोळा करणे

सगळा प्रयोग या पायरीवर उभा आहे. मादी एकदा नराशी जुळली की त्याचे शुक्राणू शरीरात साठवून ठेवते आणि पुढे कित्येक दिवस त्यांच्यापासून अंडी घालत राहते. तिला नंतर आपण हवा तो नर दिला तरी पिल्ले मिश्र निघू शकतात. म्हणून क्रॉसमध्ये टाकायची मादी कुमारी, म्हणजे व्हर्जिन असलीच पाहिजे.

कोषातून बाहेर पडलेली मादी २५ अंशांवर पहिले सुमारे आठ तास जुळत नाही. म्हणून सकाळी स्टॉकच्या बाटलीतल्या सगळ्या माश्या काढून टाकाव्यात. 'सगळ्या' हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा आहे. खाद्याच्या कडेला किंवा बोळ्याच्या सुरकुतीत लपून राहिलेला एक नर दिवसभराची मेहनत वाया घालवतो. त्यानंतर आठ तासांच्या आत जेवढ्या नव्या माद्या दिसतील तेवढ्या वेगळ्या कराव्यात. पाच-सहा तासांनी गोळा केल्या तर मनात शंकाही राहत नाही. संध्याकाळी पुन्हा बाटली रिकामी करून ती रात्रभर १८ अंशांवर ठेवली, तर सकाळी सुमारे सोळा तासांच्या आत निघालेल्या माद्याही चालतात.

नुकत्याच बाहेर आलेल्या माशीचे अंग फिकट असते, पंख बऱ्याचदा पुरते उलगडलेले नसतात आणि पोटाच्या खालच्या बाजूने आत एक गडद हिरवट ठिपका दिसतो. तो कोषाच्या आधी खाल्लेल्या अन्नाचा उरलेला भाग असतो आणि काही तासांत बाहेर टाकला जातो. ठिपका दिसत असलेली मादी कुमारी म्हणून घेता येते.

घोटाळा होतो तो लिंग ओळखताना. वयात आलेल्या नराच्या पोटाचे टोक काळे आणि गोल असते, मादीचे निमुळते आणि पट्टेदार. पण नुकत्याच निघालेल्या फिकट नराचे टोक अजून काळे झालेले नसते, त्यामुळे तो सहज मादी समजून उचलला जातो. अशा वेळी पोटाकडे पाहू नये, पुढच्या पायांकडे पाहावे. नराच्या पुढच्या दोन्ही पायांवर काळ्या, जाड केसांचा छोटा कंगवा असतो, त्याला सेक्स कोम्ब म्हणतात. तो माशी बाहेर पडल्यापासूनच दिसतो. स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली ब्रशने माशी उताणी करून प्रत्येकीचे पुढचे पाय तपासावेत.

गोळा केलेल्या माद्या नर न देता तीन दिवस ताज्या खाद्याच्या व्हायलमध्ये ठेवाव्यात. कुमारी मादीही अंडी घालते, त्यामुळे अंडी दिसली म्हणून घाबरायचे कारण नाही. पण खाद्यात अळ्या वळवळताना दिसल्या, तर त्या व्हायलमधली एक तरी मादी कुमारी नव्हती. ती कोणती हे सांगता येत नाही, म्हणून सगळी व्हायल बाद करावी.

## चूक कुठे दिसते, कुठे लपते

दोन्ही क्रॉसमध्ये कुमारी माद्या लागतात, पण चुकीचा परिणाम दोन्हीकडे सारखा नसतो.

क्रॉस ब मध्ये पांढरी मादी आधीच आपल्या स्टॉकमधल्या पांढऱ्या नराशी जुळलेली असेल, तर पहिल्याच पिढीत पांढऱ्या डोळ्यांच्या मुली निघतात. तिथे त्या असायलाच नकोत, म्हणून चूक लगेच पकडली जाते.

क्रॉस अ मध्ये मात्र लाल मादी आधी लाल नराशी जुळलेली असेल, तर तिची पिल्ले लाल. आपल्या पांढऱ्या नरापासून झालेली पिल्लेही लाल. पहिली पिढी अगदी अपेक्षेप्रमाणे दिसते आणि चूक दुसऱ्या पिढीपर्यंत दडून राहते.

ती तिथे कशी उमटते ते आकड्यांत पाहू. समजा पाच माद्यांपैकी एक कुमारी नव्हती आणि तिची सगळी पिल्ले जुन्या लाल नरापासूनची झाली. मग पहिल्या पिढीतल्या मुलींपैकी एक पंचमांश `X⁺X⁺` निघतील आणि दुसऱ्या पिढीत त्यांच्यापासून पांढरा नर होणारच नाही. २४० माश्यांमागे १२०:६०:६० अपेक्षित असताना १२० लाल माद्या, ७२ लाल नर आणि ४८ पांढरे नर मिळतील. हे पाहून 'पांढरे नर थोडे कमीच जगतात' असे म्हणून पुढे जाण्याचा मोह होतो. शिवाय मिळालेल्या आणि अपेक्षित आकड्यांतला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का हे पाहणारी काय-वर्ग चाचणीही हा फरक मान्य करते, कारण बेरीज मर्यादेच्या आत राहते:

```
(१२०−१२०)²/१२० + (७२−६०)²/६० + (४८−६०)²/६०
= ० + २.४ + २.४ = ४.८     (मर्यादा ५.९९)
```

म्हणून क्रॉस अ ची दुसरी पिढी लावताना निदान काही व्हायलमध्ये एकच मादी ठेवावी. पहिल्या पिढीतली एक मादी, तिच्यासोबत दोन भाऊ, अशा दहा व्हायल. मादी खरोखर `X⁺Xʷ` असेल तर तिचे निम्मे मुलगे पांढरे असतात. दहा मुलग्यांत एकही पांढरा नसण्याची शक्यता १०२४ मध्ये एक आहे. त्यामुळे ज्या व्हायलमध्ये वीसेक नर निघूनही पांढरा एकही नाही, ती मादी `X⁺X⁺` होती असे ठामपणे म्हणता येते. पांढरे नर जगण्यात कमी पडत असतील तर ते सगळ्या व्हायलमध्ये थोडेथोडे कमी दिसतात. मादी कुमारी नसण्याची चूक असेल तर काही व्हायलमध्ये पांढरे नर शून्य आणि बाकीच्यांत जवळजवळ निम्मे असे चित्र दिसते. एकत्र बेरजेत हा फरक पुसला जातो.

## क्रॉस लावणे आणि वेळापत्रक

प्रत्येक क्रॉससाठी निदान तीन व्हायल लावाव्यात. एका व्हायलमध्ये पाच कुमारी माद्या आणि पाच नर पुरतात, पण क्रॉस अ मध्ये नर सात-आठ घ्यावेत. पांढऱ्या डोळ्यांत प्रकाश अडवणारे रंगद्रव्य नसते, त्यामुळे या माशीला नीट दिसत नाही आणि पांढरा नर मादीमागे लागण्यात कमी पडतो. तीन ते पाच दिवसांचे नर घेतले तर फरक पडतो. तरीही चौथ्या दिवशी अळ्या दिसल्या नाहीत तर आणखी दोन पांढरे नर घालावेत.

माश्या इथरने किंवा कार्बन डायऑक्साइडने गुंगवता येतात. इथर जास्त झाले तर पंख शरीरापासून वर ताठ उभे राहतात. ती माशी मेलेली असते, तिला क्रॉसमध्ये घेऊ नये. गुंगीतल्या माश्या सरळ खाद्यावर टाकल्या तर त्या चिकटून मरतात, म्हणून जाग येईपर्यंत व्हायल आडवी ठेवावी.

प्रत्येक व्हायलवर क्रॉस, दोन्ही पालकांचा रंग आणि तारीख लिहावी. सातव्या दिवशी पालक काढून टाकावेत आणि काढताना मोजावेत. पाच माद्या आणि पाच नर टाकले असतील तर मेलेल्यांसह तेवढेच बाहेर आले पाहिजेत. हा कंटाळवाणा नियम का पाळायचा, ते क्रॉस ब मध्ये लगेच कळते. तिथे वडील लाल आणि आया पांढऱ्या. त्यांतला एकजण आत राहिला तर मोजणीत 'लाल मुलगा' किंवा 'पांढरी मुलगी' म्हणून येतो, आणि नेमक्या याच दोन प्रकारच्या माश्या त्या पिढीत असायला नकोत.

दहाव्या दिवसापासून पहिली पिढी बाहेर पडू लागते. रोज मोजून माश्या काढत राहाव्यात. माद्या नरांपेक्षा थोड्या लवकर निघतात, म्हणून फक्त पहिल्या दिवसाची मोजणी धरली तर माद्या जास्त दिसतात. अठराव्या दिवशी मोजणी थांबवावी. विसाव्या दिवसाच्या सुमारास आत राहिलेल्या माश्यांची पुढची पिढी निघू लागते आणि दोन पिढ्या मिसळतात.

दुसऱ्या पिढीसाठी पहिल्या पिढीतल्याच माद्या आणि नर नव्या व्हायलमध्ये एकत्र सोडायचे असतात. इथे माद्या कुमारी असायची गरज नाही, कारण व्हायलमध्ये त्या आपल्या भावांशीच जुळलेल्या असणार आणि आपल्यालाही तेच हवे आहे. यासाठी कुमारी माद्या शोधत बसण्यात अनेकांचा एक दिवस उगाच जातो. मात्र पहिल्या पिढीतली मादी परत पांढऱ्या नराला द्यायची असेल, म्हणजे टेस्ट क्रॉस करायचा असेल, तर ती कुमारीच हवी.

## मोजणी आणि निकाल वाचणे

क्रॉस ब च्या दुसऱ्या पिढीत समजा ११२ लाल माद्या, ९४ पांढऱ्या माद्या, १०८ लाल नर आणि ८६ पांढरे नर, अशा ४०० माश्या मिळाल्या. प्रत्येक रकान्यात १०० अपेक्षित आहेत.

```
(१२² + ६² + ८² + १४²) / १०० = ४४० / १०० = ४.४
```

चार रकाने, म्हणून मुक्तांश तीन आणि पाच टक्के पातळीची मर्यादा ७.८१५. ४.४ त्याच्या आत आहे, म्हणजे १:१:१:१ मान्य. क्रॉस अ मध्ये तीनच रकाने धरायचे, मुक्तांश दोन आणि मर्यादा ५.९९. पांढऱ्या माद्यांचा रकाना या चाचणीत येत नाही, कारण अपेक्षित शून्याने भागता येत नाही. पण पुरावा म्हणून तोच रकाना सगळ्यात वजनदार आहे.

किती माश्या मोजायच्या? जनुक साध्या गुणसूत्रावर असते तर क्रॉस अ च्या दुसऱ्या पिढीत आठातली एक माशी पांढरी मादी असती. अशा वेळी ३५ माश्यांत एकही पांढरी मादी न दिसण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी उरते. म्हणजे जनुक एक्सवर आहे का हे ठरवायला थोड्या माश्या पुरतात. २:१:१ हे गुणोत्तर तपासायला मात्र दोनशेच्या खाली समाधान मानू नये.

आता मॉर्गन यांचे आकडे. त्यांनी क्रॉस अ लावला. दुसऱ्या पिढीत २४५९ लाल माद्या, १०११ लाल नर, ७८२ पांढरे नर आणि पांढरी मादी एकही नाही. एकूण ४२५२, म्हणजे अपेक्षा २१२६:१०६३:१०६३. काय-वर्ग मूल्य सुमारे १२९ येते. ५.९९ च्या मर्यादेपुढे हे प्रचंड आहे, आणि एखादा विद्यार्थी आकडे चुकले म्हणून वही मिटेल.

पण चाचणी नाकारते ते '२:१:१ हे प्रमाण अगदी तंतोतंत आहे' हे विधान. ते प्रमाण गाठायचे तर सगळ्या प्रकारच्या माश्या सारख्याच प्रमाणात जगल्या आणि मोजल्या गेल्या पाहिजेत. पांढरे नर लाल नरांच्या सुमारे ७७ टक्केच आहेत, म्हणजे पांढऱ्या माश्यांतल्या बऱ्याच मोठ्या होईपर्यंत टिकल्या नाहीत अशी शंका येते. ही शंका तपासायला त्यांचाच टेस्ट क्रॉस उपयोगी पडतो. पहिल्या पिढीतल्या माद्या पांढऱ्या नराला दिल्यावर १२९ लाल माद्या, १३२ लाल नर, ८८ पांढऱ्या माद्या आणि ८६ पांढरे नर मिळाले. १:१:१:१ इथेही बसत नाही, काय-वर्ग मूल्य १७.५ येते. पण नीट पाहिले तर माद्या २१७ आणि नर २१८, आणि पांढऱ्यांची तूट दोन्ही लिंगांत जवळजवळ सारखीच आहे. तूट रंगाला चिकटलेली आहे, लिंगाला नाही. म्हणून वारशाचा नियम बरोबर आणि पांढऱ्या माश्यांचे जगणे कमी, असा अर्थ लावता येतो. तूट एकाच लिंगात असती तर तो लावता आला नसता.

आपल्या व्हायलमध्येही अशी तूट दिसते आणि गर्दीत ती वाढते. एका व्हायलमध्ये दोनशे अळ्या वाढत असतील तर दुबळ्या अळ्या आधी मरतात. तूट मोठी वाटली तर पुढच्या वेळी माद्या कमी घ्याव्यात आणि पालक चौथ्या-पाचव्या दिवशीच काढावेत.

## न बसणारी एखादी माशी

क्रॉस ब च्या पहिल्या पिढीत शेकडो माश्यांमध्ये एखादी पांढरी मादी किंवा एखादा लाल नर दिसला, पालकांची मोजणी जुळली आणि व्हायल उघडी राहिली नव्हती, तर ती माशी फेकू नये. कॅल्विन ब्रिजेस यांनी अशाच माश्यांवरून १९१६ मध्ये जनुके गुणसूत्रांवर असतात याचा पक्का पुरावा दिला. अंडे तयार होताना क्वचित, साधारण दोन हजारांत एकदा, आईचे दोन्ही एक्स वेगळे होत नाहीत. दोन्ही एकाच अंड्यात गेले आणि वडिलांचा वाय मिळाला तर `XʷXʷY` अशी पांढरी मादी होते. अंड्यात एकही एक्स नसेल आणि वडिलांचा `X⁺` मिळाला तर एकाच एक्सचा लाल नर होतो. फळमाशीत वाय गुणसूत्राने नर ठरत नाही, म्हणून वाय असूनही पहिली मादीच राहते आणि वाय नसूनही दुसरा नरच होतो.

खात्री करायची रीत अशी. लाल नराला तीन-चार कुमारी माद्यांसोबत वेगळे ठेवावे. वाय नसलेला नर वंध्य असतो, कारण शुक्राणू तयार होण्यासाठी लागणारी जनुके वायवर आहेत. दहा दिवसांत अळ्या दिसल्या तर तो साधा लाल नर होता आणि बाहेरून शिरला होता. पांढऱ्या मादीला लाल नर द्यावा. ती साधी `XʷXʷ` असेल तर पिल्लांत पुन्हा लाल मुली आणि पांढरे मुलगेच निघतील. ती `XʷXʷY` असेल तर शेकडा चारच्या आसपास पिल्ले पुन्हा अपवादी निघतील, म्हणून यासाठी निदान दोनशे पिल्ले मोजावीत. आणि एकाच व्हायलमध्ये अशा पांढऱ्या मुली एक-दोन न दिसता दहा-वीस दिसल्या, तर गुणसूत्रांचा विचार करण्याआधी कुमारी माद्यांची नोंद पुन्हा पाहावी.